दिव्याला हवंय काय?

*वाचकाची प्रतिक्रिया:* तुमची जिज्ञासू दिव्याची गोष्ट काल रात्री मुलीला वाचून दाखवली. दिवा अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही, त्याच्या मनात काय चाललंय तेही तुम्ही सांगत नाही. नुसतं वाकला, वळला, थांबला. शेवटी आई येऊन बटण बंद करते आणि दिवा विझतो. मुलीने मध्येच विचारलं, "पण त्याला हवंय काय?" मला उत्तर देता आलं नाही. ही गोष्ट आहे की हालचालींची यादी?

*उत्तर:*

त्याला अंधार बघायचा आहे. अंधार कसा दिसतो, एवढंच. पण तो जिकडे मान वळवतो तिकडे उजेड पडतो आणि अंधार पळून जातो. हे मी लिहिलं होतं, पण पाचव्या परिच्छेदात. पहिल्या चार परिच्छेदांत तुमची मुलगी एका टेबललॅम्पची कसरत ऐकत बसली, तिचा काय दोष! ती इच्छा आता दुसऱ्याच वाक्यात आणली आहे.

दिव्याला बोलकं मात्र करणार नाही. ही गोष्ट पुढे अ‍ॅनिमेशनपट व्हावी म्हणून लिहिली आहे, आणि "दिव्याला कुतूहल वाटलं" हे वाक्य चित्रकाराला काढता येत नाही. त्याच्यासमोर डोळे नाहीत, तोंड नाही, हात नाहीत. आहे काय, तर एक बैठक, दोन सांध्यांची मान, टोपी आणि टोपीतून पडणारा उजेडाचा गोल. कुतूहल दाखवायचं ते एवढ्यातूनच.

ते कसं बिघडतं हे मी स्वतः अनुभवलं. गोष्टीची चौदा कच्ची चित्रं काढून ती माझ्याच आवाजातल्या वाचनावर एकामागोमाग लावली. अशा कच्च्या फिल्मला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. दिवा कपाटामागच्या अंधाराकडे वाकतो, अंधार सरकतो, दिवा मागे येतो, असा तो प्रसंग. बघणारे म्हणाले, "घाबरला बिचारा." मला तर तो चौकस हवा होता! चित्रं तीच होती, चूक वेळेत होती. मी त्याला झटकन पुढे नेऊन झटकन मागे आणलं होतं. झटकन मागे येतो तो घाबरलेला. चौकस प्राणी हळूहळू पुढे जातो, मध्येच थांबतो, आणि मागे आला तरी तोंड तिकडेच ठेवतो.

सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर आता दिवा पुढे वाकायला 48 फ्रेम, म्हणजे दोन सेकंद घेतो. मग 12 फ्रेम अगदी स्तब्ध. त्यानंतर फक्त टोपी एका बाजूला कलते, मान तिथेच राहते. आणि पुढे निघण्याआधी तो किंचित मागे रेलतो, उडी मारणारं मूल आधी गुडघे वाकवतं तसा. ते मागे रेलणं काढून टाकलं की दिवा स्वतःहून निघाला असं वाटतच नाही, कुणीतरी त्याला ढकलल्यासारखं दिसतं.

तरीही तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अंथरुणात ऐकणाऱ्या मुलीसमोर चित्र नसतं. "थांबला" या शब्दात तिला त्या 12 फ्रेम दिसणार नाहीत. म्हणून स्वतःला एक नियम घातला: दिव्याला काय वाटतं ते सांगायचं नाही, त्याला काय दिसतं ते मात्र सांगायचं. ऐकणारीला तेवढं पुरतं आणि चित्रकारालाही ते काढता येतं. जुन्या मसुद्यात होतं, "दिवा कपाटाकडे वळला. थांबला. परत आला." आता आहे: "कपाटामागे अंधार बसला होता. दिवा हळूच वाकला. तिथे एक मोजा होता, एक बटण होतं, आणि अंधार? तो कपाटाच्या दुसऱ्या बाजूला गेला होता."

शेवटाबद्दल तर तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. दिव्याने तीनदा प्रयत्न करायचे आणि चौथ्यांदा आईने येऊन गोष्ट संपवायची, ही आयती सुटका झाली. शेवट दिव्याच्या हातून व्हायला हवा. हात नाहीत, तर टोपीतून!

आधी सुचलं ते असं: दिवा अंधारामागे इतका ताणतो की वायर ओढली जाते, प्लग निघतो आणि खोलीत अंधार होतो. फिल्ममध्ये ते छान दिसलं असतं. पण ऐकणारी मुलं पाच-सहा वर्षांची, दुसऱ्या दिवशी घरातल्या वायरी ओढत सुटतील. तो शेवट रद्द केला.

उत्तर आपल्या म्हणीतच होतं: दिव्याखाली अंधार. कपाटामागे, पलंगाखाली, दाराआड शोधून झाल्यावर त्याला स्वतःच्या बैठकीखाली एक बारीक काळी रेघ दिसते. ती पळत नाही. तो वाकतो, आणखी वाकतो, आणि टोपीची कड बैठकीवरच्या बटणावर टेकते. टक्.

यासाठी दोन गोष्टींची तजवीज आधीच करावी लागते. टोपी बटणापर्यंत पोचेल एवढी मान पहिल्या रेखाटनापासूनच लांब हवी, शेवटी ताणून चालत नाही. आणि ते बटण सुरुवातीलाच दिसलं पाहिजे. म्हणून पहिल्याच चित्रात एक छोटं बोट ते बटण दाबून दिवा लावतं. नाहीतर शेवटचं "टक्" आभाळातून पडल्यासारखं वाटेल.

राहिला तुमचा "विझतो" हा शब्द. तो माझाच होता आणि वाईट होता. विझला म्हणजे संपला, आणि मुलांना दिवा मेल्यासारखं वाटतं. आता तो मालवतो, आणि तेही स्वतःला. फिल्ममध्येही तीच अडचण आहे: उजेड गेला की पडदा काळा, मग दिवा जिवंत आहे हे कळणार कसं? म्हणून जुन्या तारेच्या बल्बसारखा त्याचा उजेड पिवळ्यातून तांबूस होत जातो. खरी तार क्षणात काळवंडते, आपण ते दोन सेकंद लांबवू. मग खिडकीतला निळसर उजेड हळूहळू वर येतो. अंधाराला सरावायला खऱ्या डोळ्यांना कित्येक मिनिटं लागतात, पडद्यावर चार सेकंदांत भागतं. त्या निळसर उजेडात दिव्याची मान एकदा सावकाश फिरते. मालवलेला दिवा हलतो, म्हणजे तो आहे.

नवा शेवट असा:

"बैठकीखाली एक काळी रेघ होती. दिवा वाकला. ती पळाली नाही. तो आणखी वाकला, अगदी टोपी टेकेपर्यंत.

टक्.

अंधार कपाटावर होता. अंधार पलंगावर होता. दिव्याने मान फिरवली, आणि अंधार कुठेच गेला नाही."

"टक्" वाचताना तुमच्या खोलीतला दिवाही बंद करून बघा. त्यानंतरची तीन वाक्यं मुद्दाम एवढी छोटी ठेवली आहेत, अंधारात पाठ म्हणता येतील अशी.