एक्सटर्नल येण्यापूर्वी करावयाची तयारी

एम.एस्सी. नर्सिंगच्या डिझर्टेशनचा डिफेन्स जवळ आला की अनेक विद्यार्थी आपलाच प्रबंध पुन्हा वाचायला बसतात. हा मोह कटाक्षाने टाळावा. प्रबंध वाचल्याने त्यातल्या उणिवा आपल्याला दिसू लागतात, आणि एकदा त्या दिसल्या की एक्सटर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, चेहरा निर्विकार ठेवणे अवघड जाते.

आपला विषय रिवाजाप्रमाणेच असेल असे धरून चालू. ‘व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनियाच्या प्रतिबंधाविषयी स्टाफ नर्सेसच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता.’ समजा, नमुना ६० नर्सेसचा आहे, गट एकच आहे, पहिल्या दिवशी प्री-टेस्ट आणि अध्यापन झाले, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पोस्ट-टेस्ट म्हणून दिली. २५ पैकी सरासरी गुण ११.४ वरून १८.६ वर गेले. एवढ्या ऐवजावर किमान ऐंशी स्लाइड सहज होतात. प्रबंधातले परिच्छेद जसेच्या तसे उचलावेत आणि मावत नसतील तर अक्षर लहान करावे. पहिल्या वीस मिनिटांत प्रस्तावना, आजाराची व्याख्या आणि संदर्भ-साहित्याचा आढावा सावकाश वाचून दाखवावा, म्हणजे एक्सटर्नल घड्याळाकडे पाहून ‘निष्कर्षावर या’ असे म्हणतील आणि संशोधन पद्धतीच्या स्लाइड भराभर पुढे ढकलण्याची परवानगी आपल्याला आयतीच मिळेल. बारा-पंधरा स्लाइडमध्ये उद्दिष्टे, आराखडा, साधन, दोन तक्ते आणि मर्यादा मांडणारे विद्यार्थीही असतात. त्यांची प्रश्नोत्तरे लांबतात, कारण परीक्षकांना सगळे वाचता येते.

संकल्पनात्मक आराखड्यासाठी इमोजीन किंग यांचा ध्येयप्राप्ती सिद्धांत घ्यावा. सीनियरच्या प्रबंधातली आकृती तयार असते, तिच्यातले बाण मात्र बदलू नयेत. किंग यांच्या सिद्धांतात नर्स आणि रुग्ण एकमेकांशी बोलून ध्येय ठरवतात. आपल्या अभ्यासात ध्येय आपणच ठरवले आणि समोर रुग्ण नसून सहकारी नर्सेस होत्या, ही गोष्ट कोणी काढलीच तर ‘मॅडम, गाइडनी सुचवले’ एवढेच म्हणावे. शेजारी बसलेल्या गाइडना त्या क्षणी जे वाटेल ते त्यांचे त्यांना पाहू द्यावे.

आता खरा मुक्काम. पेअर्ड टी-टेस्टच्या स्लाइडवर संगणकाने छापलेले `.000` तसेच ठेवावे आणि ‘पी व्हॅल्यू शून्य आली’ असे ठणकावून सांगावे. तो आकडा ०.००१ पेक्षा कमी आहे, शून्य नाही आणि सॉफ्टवेअर तीन दशांश स्थळांनंतर छापणे थांबवते, असा तपशील सांगितला तर पुढचा प्रश्न येतो. फरकाचे प्रमाण विचलन ३.६ असेल, तर ६० च्या वर्गमुळाने भागून प्रमाण त्रुटी साधारण ०.४६ येते आणि ७.२ ला तिने भागले की टी सुमारे १५.५ भरतो. हे गणित कागदावर एकदा करून पाहणाऱ्याला ‘टी एवढा मोठा कसा?’ या प्रश्नाला उत्तर देता येते, शिवाय सरासरी वाढ ९५ टक्के विश्वासाने साधारण ६.३ ते ८.१ गुणांच्या दरम्यान आहे असेही सांगता येते. आपण तसे करू नये. ‘स्टॅटिस्टिशियनने काढून दिले’ हे वाक्य पाठ असावे, ते सर्वत्र चालते.

मग एक्सटर्नल शांतपणे विचारतील, ‘नियंत्रण गट नव्हता, मग वाढ अध्यापनानेच झाली हे कशावरून?’ येथे आवाज चढवून पुन्हा टीची किंमत सांगावी. टी मोठा आहे याचा अर्थ गुण वाढले एवढाच होतो आणि ते कशामुळे वाढले हे टी सांगत नाही, हा भेद आपल्याला ठाऊक आहे याची शंकाही येऊ देऊ नये. त्या सात दिवसांत इन्फेक्शन कंट्रोल नर्सने वॉर्डात काही प्रशिक्षण घेतले होते का, प्री-टेस्टचे प्रश्न मोबाइलवर फिरले होते का, तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवताना निव्वळ आठवणीने किती गुण वाढले असतील, या गोष्टी मर्यादांच्या स्लाइडवर स्वतःहून लिहिणारा विद्यार्थी परीक्षकांच्या हातचा प्रश्नच काढून घेतो. हा सरळसरळ पाहुण्यांचा अवमान आहे. मर्यादांच्या स्लाइडवर ‘वेळ अपुरा होता’ आणि ‘अभ्यास निवडक रुग्णालयापुरता होता’ ही दोनच वाक्ये शोभतात.

लोकसांख्यिक चलांशी संबंध दाखवणाऱ्या तक्त्याला तर विशेष कात्री लागते. समजा, ६० पैकी ३८ नर्सेस जीएनएम, १६ बी.एस्सी. आणि ६ पोस्ट बेसिक आहेत. प्री-टेस्टमध्ये ४१ जणींचे ज्ञान कमी, १७ जणींचे मध्यम आणि दोघींचे चांगले निघाले. काय-स्क्वेअर लावला की नऊ खणांपैकी सहांत अपेक्षित संख्या पाचाहून कमी येते. ‘पोस्ट बेसिक आणि चांगले ज्ञान’ या खणात तर ती ०.२ म्हणजे एका नर्सचा पाचवा हिस्सा असते. संगणक तक्त्याखाली बारीक अक्षरात हे बजावतो:

```
6 cells (66.7%) have expected count less than 5.
The minimum expected count is .20.
```

स्क्रीनशॉट घेताना ही ओळ कापावी, एवढेच. कापली नाही तर बी.एस्सी. आणि पोस्ट बेसिक एकत्र करून दोन गट करणे, मध्यम आणि चांगले एकत्र धरणे, तसे का केले ते सांगणे, किंवा फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावणे, असली कामे मागे लागतात. त्याऐवजी वय, धर्म, वैवाहिक स्थिती, अनुभव अशी आठ चले ०.०५ च्या पातळीवर एकामागून एक तपासत राहावी. ज्ञानाशी कशाचाच संबंध नसला आणि चले एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तरी आठांपैकी किमान एक केवळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. आपले नशीब चांगले असेल तर ते चल वैवाहिक स्थिती निघते. मग लग्नाने न्यूमोनियाचे ज्ञान कसे वाढते याचे स्पष्टीकरण चर्चेच्या प्रकरणात दोन परिच्छेदांत द्यावे.

उरली स्वतःची प्रश्नावली. ती तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली असते, त्यामुळे आपण ती वाचण्याची गरज नसते. काही एक्सटर्नल मात्र जुन्या वळणाचे असतात. ते प्रबंधाच्या मागच्या पानांवर जाऊन त्यातलाच एखादा प्रश्न आपल्याला विचारतात: ‘एंडोट्रॅकियल ट्यूबचा कफ प्रेशर किती ठेवाल?’ अशा वेळी २० ते ३० सेंटिमीटर पाणी असे उत्तर देऊन टाकले की पाठोपाठ ‘आणि मोजता कशाने?’ हा प्रश्न येतो. तेव्हा कफ प्रेशर मॅनोमीटरचे नाव घेणाऱ्याला आपल्या आयसीयूत तो कोणत्या कपाटात आहे, हेही सांगावे लागते.

शेवटी ते विचारतील, ‘ज्ञान वाढले. सातव्या दिवशी किती रुग्णांचे डोके ३० ते ४५ अंश वर होते?’ हे आपण मोजलेले नसते, कारण शीर्षकात ज्ञान होते, खाटा नव्हत्या. पण ‘मोजले नाही, निरीक्षण सूची लागली असती’ असे म्हणू नये. निष्कर्षाच्या स्लाइडवर ‘या कार्यक्रमामुळे न्यूमोनियाचे प्रमाण घटेल’ असे आधीच ठळक अक्षरात लिहिलेले असावे. त्या स्लाइडकडे बोट दाखवावे आणि ताबडतोब गुलाबाच्या चित्रावरची आभाराची स्लाइड लावावी.