चमकी, गणवेश आणि नववीचे दोन तास

«मॅडम, गणवेश म्हणजे सगळे सारखे, विषय संपला. दक्षिण आफ्रिकेची केस पुढे करून तुम्ही हिजाबचा वाद मागल्या दाराने वर्गात आणता. माझी मुलगीही नववीत आहे. तिने शाळेत नियम पाळायला शिकावं, कोर्टाच्या निकालावर शंका घ्यायला नाही.»

नमस्कार भाऊ. हिजाब माझ्या वर्गात उघडपणे येतो, फक्त दुसऱ्या तासाला. पहिल्या तासाला तो मी मुद्दाम टाळते आणि त्याचं कारण माझीच एक चूक आहे. एका वर्षी मी थेट कर्नाटकच्या प्रकरणापासून सुरुवात केली. दोन मिनिटांत सगळा वर्ग मान वळवून एकाच मुलीकडे पाहू लागला आणि मीही तिला विचारून बसले, "तुला काय वाटतं?" ती उभी राहिली, पण काहीच बोलली नाही. चौदा वर्षांच्या पोरीला मी अख्ख्या समाजाची वकिली करायला उभं केलं होतं. तेव्हापासून सुरुवात डरबनच्या चमकीने.

सुनाली पिल्ले डरबनच्या एका मुलींच्या शाळेत होती, घर दक्षिण भारतीय वंशाचं, हिंदू. २००४ साली सुट्टीत तिने नाक टोचून चमकी घातली. शाळेच्या नियमात साध्या कानातल्यांना मुभा होती, चमकीला नव्हती, आणि प्रवेशाच्या वेळी आईने त्या नियमांवर सही केलेली होती. आईचं म्हणणं, मुलगी वयात आली की चमकी घालायची, ही आमच्या घरची रीत आहे.

निकाल मी लगेच सांगत नाही. आधी मुलं लिहितात, शाळेने हा नियम कशासाठी केला असेल. तुमचा मुद्दा तिथे सगळ्यात आधी येतो, आणि तो खरा आहे. एका मुलाने लिहिलं होतं, "इतवारीतल्या सराफाच्या पोरीच्या नाकात हिरा राहील आणि बाजूचीला लाज वाटेल." मग मी विचारते, चमकीने हा हेतू मोडतो का, आणि किती? साधी, सगळ्यांना परवडेल अशी चमकी चालावी, हा मधला रस्ता बहुतेक वेळा मुलंच काढतात.

२००७ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने शाळेच्या विरुद्ध निर्णय दिला. चमकी धर्माने सक्तीची नाही, हे तिच्या बाजूलाही मान्य होतं. तरी स्वेच्छेने पाळलेली रीतही माणसाच्या ओळखीचा भाग असते आणि तिच्यामुळे शाळेची शिस्त बिघडल्याचा पुरावा नाही, म्हणून शाळेने वाजवी सवलत द्यावी, असं सरन्यायाधीश पायस लांगा यांनी लिहिलं. स्वतः सुनालीचं म्हणणं कोर्टासमोर आलं नाही, याची खंतही त्यांनी नोंदवली.

दुसऱ्या तासाला मी वस्तू बदलते. चमकीऐवजी टिकली, मनगटावरचा धागा, कृपाण, हिजाब. ज्याचं उत्तर बदललं, त्याने कारण लिहायचं. कृपाणाला बहुतेकांचं बदलतं, कारण सुरक्षितता. मग मी आपल्या संविधानातल्या अनुच्छेद २५ चं स्पष्टीकरण वाचून दाखवते. शिखांचं कृपाण तिथे नावानिशी आहे, त्यामुळे वाद पुन्हा सुरू होतो. हिजाबपाशी कारण लिहायला वेळ लागतो. कुणी लिहितं, "चमकी लहान आहे, हिजाबने गणवेशच वेगळा दिसतो." हे कारण मी खोडत नाही.

आता निकालाबद्दल. मार्च २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक प्रथा नाही आणि गणवेशाचं बंधन वाजवी आहे, असं ठरवलं. १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. हेमंत गुप्तांना गणवेशामागची समानता आणि सरकारी शाळेचं धर्मनिरपेक्ष स्वरूप महत्त्वाचं वाटलं. सुधांशु धुलियांना वाटलं की प्रश्न मुलीच्या निवडीचा आहे, आणि बंदीमुळे तिचं शिक्षण सुटेल का, हे आधी पाहायला हवं. प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. न्यायमूर्तींमध्येच मतभेद असताना एकच बाजू शिकवणं मला जमत नाही. दोन्ही निकालांचे उतारे मी सारख्याच लांबीचे देते.

वर्गात मी माझं मत सांगत नाही, इथे सांगते. गणवेशाच्या रंगाचा, चेहरा उघडा ठेवणारा रुमाल शाळेने चालू द्यावा. पण घरून सक्ती होत असेल तर त्या मुलीचं काय, याचं पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून लांगांची ती खंत मी मुलांना वाचून दाखवतेच.

दोन्ही उतारे तुम्हाला पाठवते. ज्या वाक्यात झुकतं माप वाटेल, त्याच्याखाली रेघ ओढून परत पाठवा. पुढच्या तुकडीच्या आधी मी ते पुन्हा पाहीन.