उंधा बदला आणि इथरचं फंडिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "फंडिंग रेटवरचा तुमचा लेख वाचला, पटला नाही. प्रत्येक लाँगसमोर एक शॉर्ट असतोच, मग 'लाँगची गर्दी' म्हणजे नेमकं काय? माझ्या अ‍ॅपवर महिनाभर ०.०१ टक्केच दिसतंय, त्यातून काय कळायचं? आणि २०२२ मध्ये मर्जच्या आधी इथरचं फंडिंग एवढं उणे होतं, तरी शॉर्ट स्क्वीझ राहिला बाजूला, भाव उलट पडला. मला तर हे पंचांग बघून ट्रेड घेण्यासारखं वाटतं."

टोमणा लागला, कारण मर्जबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. "फंडिंग फार उणे झालं की शॉर्टवाले अडकले असं समजा" हे वाक्य मी घाईत लिहिलं होतं. फंडिंग म्हणजे इथर, बिटकॉइन अशा क्रिप्टो नाण्यांच्या वायद्यांत भाव चढेल म्हणून घेणारे लाँगवाले आणि पडेल म्हणून विकणारे शॉर्टवाले ठरावीक तासांनी एकमेकांना देतात ते पैसे. माझं वाक्य का चुकलं ते खाली सांगतो, पण त्यासाठी आधी गर्दीचा मुद्दा मिटवावा लागेल.

तुमच्या घरात २००१ च्या आधी मुंबई शेअर बाजारात उठबस असलेलं कुणी असेल तर त्यांना 'बदला' विचारा. शेअर घेतला, पण पैसे भरून डिलिव्हरी घ्यायची नाही, अशा वेळी सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलायचा आणि त्यासाठी पैसे लावणाऱ्याला बदल्याचा दर द्यायचा. हा झाला सरळ बदला. पण एखाद्या शेअरमध्ये हातात माल नसताना विकून बसलेलेच फार झाले की गणित उलटायचं. मग विकणारा पैसे मोजायचा. त्याला म्हणायचे उंधा बदला. तेव्हाही जेवढे शेअर विकले तेवढेच घेतले गेले होते. तरी दर बघून दलालांना कळायचं, की कोणती बाजू उसनवारीवर उभी आहे आणि सौदा सोडायला तयार नाही.

पर्पेच्युअलचं फंडिंग म्हणजे हाच बदला, फक्त बहुधा दिवसातून तीनदा. बिटमेक्स या क्रिप्टो एक्स्चेंजने २०१६ मध्ये बिटकॉइनचा पर्पेच्युअल, थोडक्यात पर्प, हा वायदा आणला. त्याला एक्सपायरीच नाही, त्यामुळे भाव स्पॉटला, म्हणजे रोखीच्या बाजारातल्या भावाला, येऊन मिळण्याची सक्तीची तारीखही नाही. ते काम फंडिंगने करायचं. पर्पचा भाव स्पॉटच्या वर राहिला तर लाँगवाले शॉर्टवाल्यांना पैसे देतात, खाली राहिला तर उलट. हे पैसे एक्स्चेंजकडे जात नाहीत, या खात्यातून त्या खात्यात जातात. बायनान्सवर मोठ्या नाण्यांसाठी आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ, असे तीन ठोके ठरलेले.

आता समोरच्या बाजूला कोण असतं ते बघा. फंडिंग चढं असताना शॉर्ट करणाऱ्यांतल्या अनेकांचं भावाबद्दल काही मतच नसतं. ते स्पॉटमध्ये नाणं घेतात, तेवढंच पर्पमध्ये विकतात आणि दर आठ तासांनी भाडं वसूल करत बसतात. भाव वर गेला काय, खाली आला काय, त्यांना फरक पडत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचा आकडा सारखा असला तरी एका बाजूला कर्ज काढून पैज लावणारे आहेत आणि दुसऱ्या बाजूला नुसते भाडेकरू ठेवणारे घरमालक. 'गर्दी' मी पहिल्या बाजूला म्हणतो, कारण भाव उलटा फिरला की मार्जिन, म्हणजे तारण ठेवलेली रक्कम, संपून बाहेर फेकले जाणारे तेच.

०.०१ टक्क्याचं उत्तर सोपं आहे. बायनान्सचं नेहमीचं सूत्र असं :

```
F = P + clamp(I - P, -0.05%, +0.05%)
I = 0.01%
```

P म्हणजे पर्प स्पॉटपेक्षा सरासरी किती वर किंवा खाली आहे तो प्रीमियम. I हा ठरीव व्याजाचा भाग. clamp म्हणजे वजाबाकीचं उत्तर त्या दोन मर्यादांच्या आतच ठेवायचं. प्रीमियम ०.०३ टक्के धरून करून बघा : वजाबाकी उणे ०.०२, ती मर्यादेत बसते, F येतो ०.०१. प्रीमियम शून्य असला तरी ०.०१, आणि उणे ०.०२ असला तरीही ०.०१ च. उणे ०.०४ पासून अधिक ०.०६ पर्यंत प्रीमियम कुठेही फिरू दे, तुमच्या पडद्यावरचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून तुम्हाला महिनाभर तेच दिसलं. त्याचा अर्थ 'लाँगची थोडी गर्दी' असा नाही, 'सूत्राने दखल घ्यावी असं काही घडलं नाही' इतकाच. प्रीमियम ०.१२ टक्के झाला तर मात्र F थेट ०.०७ होतो. मी ०.०१ ला शून्य मानतो आणि तिथून मोजायला लागतो.

हे आकडे किरकोळ वाटतात, कारण ते पूर्ण पोझिशनवर लागतात आणि आपण मार्जिनचा विचार करत असतो. दहा हजार रुपये मार्जिन ठेवून एक लाखाची पोझिशन घेतली आहे असं धरा. ०.०१ ने दर खेपेला दहा रुपये जातात, कुणाला कळतही नाही. ०.१ झालं की शंभर, दिवसाला तीनशे. म्हणजे भाव तसूभर न हलता रोज मार्जिनचे तीन टक्के गेले. एवढं भाडं भरूनही माणूस जागा सोडत नसेल, तर भाव लवकरच वर जाईल अशी त्याची खात्री आहे. त्या दराने अशी खात्री असलेले किती जमलेत याचा अंदाज ओपन इंटरेस्टवरून, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांच्या एकूण आकड्यावरून, येतो.

आता मर्ज. १५ सप्टेंबर २०२२ ला, इथर ज्या साखळीचं नाणं त्या इथेरियमने मायनिंग सोडून प्रूफ ऑफ स्टेक ही व्यवहार तपासायची नवी पद्धत स्वीकारली. काही मायनर्सनी जुनी साखळी चालू ठेवायचं आधीच जाहीर केलं होतं, म्हणजे ज्याच्याकडे खरं इथर असेल त्याला या फुटलेल्या साखळीची, म्हणजे फोर्कची, तेवढीच नवी नाणी फुकट मिळणार होती. पर्प धरणाऱ्याला ती मिळणार नव्हती. मग लोकांनी काय केलं? स्पॉटमध्ये इथर घेतलं, तेवढंच पर्पमध्ये शॉर्ट केलं आणि भावाची जोखीम काढून टाकून फोर्कची वाट बघत बसले.

समजा इथर १६०० डॉलरला आहे आणि फोर्कचं नाणं ३० डॉलरला विकलं जाईल असा तुमचा अंदाज आहे. म्हणजे साधारण १.९ टक्के फुकटची कमाई. फंडिंग उणे ०.१५ टक्के असेल तर शॉर्टला दिवसाला ०.४५ द्यावे लागतील, चार दिवसांत १.८. म्हणजे चार दिवस आधी घुसणाऱ्यालाही हा व्यवहार जेमतेम परवडतो, आणि तारीख जवळ येते तसा आणखी उणा दरही परवडतो. ते खोल उणे फंडिंग हा फोर्कच्या तिकिटाचा भाव होता, इथर पडणार या मताचा नाही. मी माझ्या लेखात या दोन्हींना एकाच पोत्यात घातलं, तिथे चूक झाली.

मर्ज झाल्यावर तिकिटाची गरज संपली. ज्यांनी जोडी लावली होती त्यांनी शॉर्ट बंद केले आणि सोबत स्पॉटचं इथरही विकलं. स्क्वीझमध्ये शॉर्टवाला घाबरून नुसता खरेदी करत सुटतो, म्हणून भाव उसळतो. इथे प्रत्येक खरेदीच्या जोडीला तेवढीच विक्री होती. फंडिंग लगेच नेहमीच्या पातळीकडे आलं आणि भाव आठवडाभरात तेराशेच्या आसपास घसरला. त्या दिवसांत अमेरिकेतली महागाई आणि व्याजदरवाढ यांचंही ओझं बाजारावर होतं, सगळं खापर फोर्कवर फोडता येणार नाही. पण 'एवढे शॉर्ट अडकलेत, आता वर जाणार' म्हणून लाँग घेतलेल्यांना थोडं फंडिंग मिळालं आणि त्याच्या कितीतरी पट भावात गेलं.

हे आधी ओळखता आलं असतं का? बऱ्यापैकी. खरी मंदी असती तर लोकांनी इथर विकलं असतं. इथे तर ते उसनं मिळवायची धडपड चालली होती, इतकी की आवे या क्रिप्टो कर्जाने देणाऱ्या सेवेच्या समुदायाने मर्जच्या आधी इथर कर्जाने देणं तात्पुरतं थांबवायचा ठराव मतदानाने मंजूर केला. पर्प शॉर्ट करणाराच स्पॉटमध्ये माल गोळा करतोय असं दिसलं की समजावं, तो हेज करतोय, पैज लावत नाहीये. आणि सगळ्यांच्या नजरा एकाच तारखेवर असतील तर त्या तारखेपर्यंतच्या फंडिंगचा नेहमीचा अर्थ लावूच नये.

उलट, नेहमीचा अर्थ बरोबर निघाला तो २०२१ च्या एप्रिलमध्ये. बिटकॉइन १४ तारखेला ६४ हजारांच्या वर पोचलं होतं, फंडिंग ठळकपणे चढं, ओपन इंटरेस्टही फुगलेला. रविवार १८ एप्रिलला, आपल्याकडे सकाळच्या चहाच्या सुमारास, भाव अल्पावधीत साठ हजारांच्या आसपासहून ५२ हजारांकडे कोसळला आणि लाँगची लिक्विडेशनं एकामागून एक होत गेली. एकाची सक्तीची विक्री भाव आणखी खाली नेते, तिथे दुसऱ्याचं मार्जिन संपतं. नंतर फंडिंग खाली आलं, कारण भाडं भरणारेच उरले नव्हते.

पण वेळ? ती फंडिंग सांगत नाही, आणि हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला चढं फंडिंग बघून मी बिटकॉइन शॉर्ट केलं, दहापट लिव्हरेजवर. दर आठ तासांनी खात्यात थोडे पैसे जमा व्हायचे आणि मला आपण फार हुशार असल्यासारखं वाटायचं. ८ तारखेला टेस्लाने दीड अब्ज डॉलरचं बिटकॉइन घेतल्याचं जाहीर केलं. भाव ३८-३९ हजारांवरून ४६ हजारांच्या वर गेला. माझं लिक्विडेशन वाटेत कुठेतरी झालं, बायको म्हणाली चेहरा का पडलाय, मी म्हटलं ऑफिसचं काहीतरी. गर्दी लाँगचीच होती, मी वाचलेलं चूक नव्हतं. पण ती गर्दी त्यानंतरही अनेक आठवडे भाडं भरत टिकली.

म्हणून आता चढ्या फंडिंगवर मी उलटी पोझिशन घेत नाही. माझं स्वतःचं लाँग असेल तर लिव्हरेज उतरवतो, एवढाच उपयोग करतो.

तुमच्या अ‍ॅपबद्दल एक राहिलं. फंडिंगच्या आकड्याशेजारी उलटी मोजणी चालू असते, ती किती तासांपासून सुरू होते ते एकदा बघून ठेवा. सगळीकडे आठ तास नसतात. काही नाण्यांना चार तास असतात, काही ठिकाणी दर तासाला कापतात. तासाला ०.०१ असेल तर तो आठ तासांचा ०.०८ झाला, आणि मग तुम्ही महिनाभर ज्याला काहीच नाही म्हणत होतात ती चांगलीच गर्दी निघेल. कोणतं नाणं आणि किती तास, ते इथेच खाली कळवा.