सुषमाताईंचं पेन

गेल्या आठवड्यात मला बारा दिवसांच्या कामाचा मोबदला मिळाला. काळा बॉक्स, आत मखमलीसारखं काहीतरी, त्यात एक डायरी आणि एक पेन. पेनवर लेझरनं सुबक कोरलेलं नाव : सुषमा.

माझं नाव सुषमा नाही. तसं मी म्हटलंही. त्यावर आमच्या हिचा मावसभाऊ, म्हणजे वागळे इस्टेटमधल्या त्या गिफ्टिंगच्या धंद्याचा मालक, म्हणाला, “भावोजी, पेन एक नंबर आहे. लिहिताना नाव बोटाखाली जातंय.”

जावयाला चहा देतात, टॉवेल-टोपी देतात, पैसे द्यायची पद्धत नाही. मी मुद्रितशोधक आहे आणि त्याचा कॅटलॉग इंग्रजीत होता. पण त्याच्या मते जावई मुद्रितशोधक असला की भाषा कुठलीही चालते. “नुसता हात फिरवा” म्हणाला होता. हात फिरवायला ठाणे स्टेशनवरून रोज शेअर रिक्षानं जायचो. रिक्षावाल्यानं कधी सुषमाताईंचं पेन घेतलं नाही, रोख घेतली.

कॅटलॉग चौसष्ट पानांचा. पहिली सहा पानं मालकाचं मनोगत, कारखान्याचा फोटो आणि हस्तांदोलन करणारे दोन परदेशी हात. पुढे बाटल्या, बॅगा, पेनं, घड्याळं, सुका मेवा, सगळं वस्तूंप्रमाणे लावलेलं. प्रत्येक वस्तूला ‘प्रीमियम’ आणि ‘एलिगंट’ ही दोन विशेषणं, चावी अडकवायच्या कडीलासुद्धा. किंमत कुठेच नाही. कमीत कमी किती नग घ्यावे लागतात ते पानाच्या तळाशी फिकट करड्या अक्षरांत. ‘सात दिवसांत डिलिव्हरी’ मात्र ठळक, त्यावर एक चांदणी, आणि चांदणीचा अर्थ त्रेसष्टाव्या पानावर.

मी पहिल्या दिवशी विशेषणं खोडली आणि दुसऱ्या दिवशी फोन घेणाऱ्या मुलीची वही मागितली. हे माझं एकमेव शहाणपण. कॅटलॉगमध्ये काय सापडत नाही ते कॅटलॉग वाचून कळत नाही, फोन कशासाठी येतात त्यावरून कळतं. वहीत एका दिवसाचे अकरा फोन होते आणि त्यातल्या नऊ फोनांत तेच चार प्रश्न : कशासाठी द्यायचंय, कितीपर्यंत बसेल, इतके नग मिळतील का, कधी मिळतील. “हे एलिगंट आहे का?” असं एकानेही विचारलं नव्हतं. एचआरच्या बाईला बाटलीच हवी असते असं नाही. तिला महिला दिन उरकायचा असतो.

तिथे आमचे काका आले. म्हणजे आलेले होतेच. मालकाचे वडील, कारखान्यातून निवृत्त, रोज दहाला येऊन एसीच्या बरोबर खाली मफलर गुंडाळून बसतात आणि पेपर वाचतात. मी ठरवलं, नव्या माणसाला जुन्या कॅटलॉगमध्ये किती वेळ लागतो ते काकांवरच बघू. प्रसंग खराच घेतला, यंदा ज्यावरून दुकानात रामायण झालं होतं तो.

“काका, समजा तुम्ही ऐरोलीच्या एका कंपनीतल्या मॅडम आहात.”

“मी मॅडम का म्हणून?”

“बरं, साहेब. बायकांना द्यायला १८० नग हवेत. प्रत्येकी ५०० रुपये मंजूर, सगळं धरून. २०२६ चा महिला दिन, ८ मार्च, रविवारी आलाय, म्हणून शुक्रवारी ६ तारखेला वाटायचेत. वर प्रत्येकीचं नाव. शोधा.”

काकांनी चष्मा पुसला, भिंग काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मुलाचं मनोगत दोनदा वाचलं. “व्याकरण बरं आहे याचं,” म्हणाले. मनोगत मी लिहिलेलं होतं. मग एकविसाव्या पानावर भिंतीवरच्या घड्याळापाशी थांबले ते थांबलेच. त्यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल घड्याळ मिळालं होतं. साहेबांनी स्टेजवर दिलं, त्यावर त्यांचं आडनाव चुकीचं होतं, ‘ळ’ चा ‘ल’ केलेला. “तरी मी ते अठरा वर्षं लावलं. मग बंद पडलं. ह्याला सेल कुठला लागतो रे जावईबापू? ते कुठे दिलंय?”

“काका, १८० नग.”

“शोधतोय ना.” पुन्हा पानं. “पेन-डायरीचा सेट दिसतोय. पण हा महिलांना आहे का पुरुषांना, कसं कळायचं? भाव कुठाय? आणि ही चांदणी कशाची? हरभऱ्याएवढी चांदणी आणि मुंगीएवढा खुलासा!” भिंग खाली ठेवून ते माझ्यावरच उखडले. “अरे, पंचांग तरी बघितलंस का कधी? लग्नाचे मुहूर्त एका जागी, मुंजीचे दुसऱ्या जागी. माणूस बघतो कशासाठी, ते आधी. तुमचं म्हणजे सगळे रविवार एका पानावर, सगळे सोमवार दुसऱ्या!”

बावीस मिनिटं लागली आणि सापडलं नाही. पण पंचांगाचं त्यांनी बरोबर पकडलं. नंतर दिवसभर तेच ऐकवत होते, चहावाल्यालासुद्धा, त्यामुळे माझी कृतज्ञता दुपारपर्यंत संपली.

आता त्या ऐरोलीच्या ऑर्डरचं सांगतो. मॅडमनी २० फेब्रुवारीला फोन केला. चांदणीकडे न बघता सात दिवस मोजले, २७ तारीख आली. म्हणजे हातात आठवडा शिल्लक. निवांत. पण दिवस फोनपासून मोजले जात नाहीत. ग्राहकानं आर्टवर्क अप्रूव्ह करून ॲडव्हान्स पाठवला की दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागायचं, तेही कामाचे दिवस. लोगोचा निळा रंग बरोबर आहे का हे ठरवायला त्यांच्या हेड ऑफिसनं २६ तारीख आणली. शिवाय सात दिवस फक्त लोगोचे. एकच लोगो सगळ्यांवर मारायचा तर काम सरळ चालतं. नावं म्हटली की प्रत्येक नग वेगळा : यादी तपासायची, प्रत्येक पेन मशीनवर नव्यानं लावायचं, योग्य डायरीबरोबर योग्य बॉक्समध्ये घालायचं. त्याचे तीन दिवस जास्त. मधला रविवार गेला, धुळवड गेली, पुढचा रविवार गेला, आणि त्या कंपनीचा महिला दिन बुधवारी ११ मार्चला साजरा झाला. त्यातही काही नावं एक्सेलमध्येच चुकलेली होती, ते नग परत आले. नाव कोरलेला माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. जावयाला देता येतो.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक फोटोखाली एक पट्टी, सगळीकडे त्याच जागी, त्याच क्रमानं : प्रसंग, किंमत, कमीत कमी नग, दिवस. आणि मनोगताच्या जागी एक प्रसंगांचं पान, त्यात प्रत्येक सणापुढे ‘अप्रूव्हल कधीपर्यंत’ ही उलटी मोजलेली तारीख. महिला दिनाचं वाटप ६ मार्चला हवं तर नावांसकट २० फेब्रुवारी, नुसत्या लोगोला २४ फेब्रुवारी. दरवर्षी सुट्ट्या बघून हे पान नव्यानं करावं लागेल. काका खूश झाले, म्हणाले आता जरा मुहूर्तासारखं दिसतंय.

नगांचं सोपं निघालं, फक्त एक आकडा लिहून भागत नव्हतं. लोगोसह सेट २५ पासून मिळतो, पण बॉक्सवरही छापून हवं तर २००. पुठ्ठा कापायचा डाय आणि छपाईची जुळणी यांचा खर्च पंचवीस बॉक्सांवर वाटला तर बॉक्सच पेनापेक्षा महाग होतो. जुन्या कॅटलॉगमध्ये नुसतं २५ होतं आणि फोटोत छापील बॉक्स. रोज यावरून एक भांडण. आता पट्टीत दोन्ही आकडे आले.

किमतीवर मात्र आमचं खरं जुंपलं.

“भावोजी, भाव लिहिला की फोन येत नाही.”

“फोन येतात ते भाव विचारायलाच येतात.”

“येतात ना! मग आपण बोलतो.”

मी म्हटलं, नेमका नको, गट तरी लिही : २५० पर्यंत, २५१ ते ५००, ५०१ ते १०००. आधी त्यानं ‘२५० ते ५००’ आणि ‘५०० ते १०००’ केलं होतं, म्हणजे पाचशेची वस्तू दोन्ही घरची पाहुणी. आणि पाचशे हाच तर सगळ्या मंजुऱ्यांचा आकडा. पेन-डायरीचा सेट नाव आणि बॉक्स धरून ४३० चा. त्यानं तो ऐटीत पाचशेच्या आतल्या गटात टाकला. मी कॅल्क्युलेटर काढला. वर १८ टक्के जीएसटी ७७ रुपये ४० पैसे, म्हणजे ५०७ रुपये ४० पैसे.

“जीएसटी कोण धरतं? कंपन्यांना क्रेडिट मिळतं.”

“भेट म्हणून वाटलेल्या मालावर नाही मिळत. तो कर मॅडमच्या पाचशेतूनच जातो.”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “सात रुपयांसाठी कोण बघतंय?” मॅडमचे साहेब बघतात. सात रुपयांसाठी फाइल परत येते आणि ती बाई पुन्हा चौसष्ट पानं चाळायला बसते. पण हे मी मनात म्हटलं, कारण तेवढ्यात त्यानं जेवायला चला म्हणून हात धरला. शेवटी गट कर धरून करायचे ठरले. मला वाटलं, ठरले.

कॅटलॉग छापून आला तो पेनाच्याच दिवशी हातात पडला. पट्टी आहे. प्रत्येक फोटोखाली, त्याच जागी, त्याच क्रमानं, अगदी देखणी. प्रसंग : सर्व. किंमत : संपर्क करा. कमीत कमी नग : आपल्या गरजेनुसार. दिवस : लवकरात लवकर. प्रसंगांच्या पानाच्या जागी मनोगत परत आलं आहे, आता फोटोसकट. हस्तांदोलनाचे हात मोठे केले आहेत.

माझं प्रसंगांचं पान काकांनी कच्च्या प्रतीतून फाडून कॅलेंडरशेजारी खिळ्याला लावलंय. मी सुषमाताईंचा बॉक्स मांडीवर घेऊन बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. “हो मॅडम... दिवाळीसाठी ना? कितीपर्यंत बसवायचंय?... एक मिनिट हं.” आणि त्या मुलीनं रिसीव्हरवर हात ठेवून, मान वाकडी करून, काकांच्या डोक्यावरून ते पान वाचायला सुरुवात केली.

मालक केबिनमधून डोकावला. मोठा हसला.

“बघा भावोजी. आला की नाही फोन?”