थांबा, पाणी प्या

सहकारी म्हणाले, "बावीस स्लाइड आहेत, जरा मुद्द्यांची कार्डं करून द्या," तेव्हाच मी आजारी पडायला हवं होतं. स्लाइड वाचून दाखवायची नाही, बोलायचं, असा त्यांचा निश्चय. आणि माईक दिसला की त्यांचेच हात थरथरतात.

मोठा कागद मी आधीच बाद केला. हात थरथरला की तो पताकेसारखा फडफडतो, शेवटच्या रांगेलाही दिसतो. तळहाताएवढं जाड कार्ड निमूट राहतं. स्लाइडला एक नाही, मुद्द्याला एक, अशी सात कार्डं ठरली. इथवर सुख होतं.

मग 'तक्रार निवारणातील विलंबाची कारणे व उपाययोजना' ही स्लाइड आली. मी कार्डावर लिहिलं, 'विलंब'. त्यांनी कार्ड घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "विलंब."

शांतता.

"पुढे?"

"पुढे काय, विलंबच."

चूक माझी. मथळा विषय सांगतो, तोंडातून पुढचं वाक्य काढत नाही. मी कार्ड फाडलं आणि विचारलं, "पण झालं काय होतं?"

"अहो, एका तक्रारीला नऊ दिवस! सहा सह्या! त्यातले एक साहेब रजेवर, फाइल त्यांच्या टेबलावर झोपलेली! आता दोनच सह्या, तीन दिवसांत मोकळे!" एका दमात. हेच लिहिलं: '९ दिवस. ६ सह्या. रजेवरचे साहेब. आता २ सह्या, ३ दिवस.' आकडे पूर्ण, कारण घाबरल्यावर आधी तेच पळतात.

कार्ड निरखून ते हळूच म्हणाले, "यात 'सर्वसमावेशक' कुठे गेलं?"

"त्यावरून काय आठवतं?"

"काहीच नाही. पण असलं की बरं वाटतं."

हा माणूस रात्री कार्डं घरी घेऊन गेला आणि सकाळी प्रत्येक रिकाम्या जागेत मुंगीएवढ्या अक्षरांत अख्खी स्लाइड भरून आला. माझ्या दोन संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच. पुन्हा सात कार्डं. या वेळी मोठ्याने बोलायला लावलं. तीन सेकंद अडले की तो शब्द बदलायचा. फक्त पहिलं वाक्य अख्खं ठेवलं, कारण उभं राहिल्यावर डोकं कोरं होतं ते तिथेच. कोपऱ्यात क्रमांक, भोक पाडून दोरी, म्हणजे पडली तरी क्रम बिघडायला नको. ते मध्येच सुसाट सुटतात म्हणून तिसऱ्या कार्डावर लाल शाईने लिहिलं, 'थांबा. पाणी प्या.'

प्रत्यक्षात ते छानच बोलले. नऊ दिवस, सहा सह्या, साहेबांवर हशासुद्धा. मग तिसरं कार्ड. त्यांनी खणखणीत आवाजात सभागृहाला सांगितलं, "थांबा. पाणी प्या."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी खरंच बाटल्या उघडल्या.

शेवटी अध्यक्षांनी 'श्रोत्यांची एवढी काळजी घेणारा वक्ता' म्हणून त्यांचं कौतुक केलं. मी लॅपटॉपपाशी उभा राहून स्लाइड पुढे सरकवत होतो. मला पाणी कोणी विचारलं नाही.