दोन पसं म्हणजे दोन पायली नव्हे

आज सकाळी सांगलीत एका कार्यक्रमाला गेले होते. नाव घेत नाही, कारण माणसं वाईट नाहीत आणि बोलावलंही प्रेमानं होतं. विषय होता ओव्या आणि पोवाडे. दारातच एक पुस्तिका हातात दिली. तिच्यात माझ्या आजीची ओवी छापली होती, मीच दोन महिन्यांपूर्वी वहीतून उतरवून दिलेली. पान उघडलं आणि डोकंच फिरलं.

मी दिलेली ओवी अशी होती:

दळण दळीते मी, सुपामंदी दोन पसं
भुकेलं माझं बाळ, सांगू मी आईला कसं

छापलेली अशी:

दळण दळिते मी, सुपामध्ये दोन पायली
बाळाच्या आनंदाने, माय माझी गं धायली

खाली नाव काय, तर 'अनाम लोकगीत'.

मी विचारलं, हे कुणी केलं? उत्तर मिळालं, "मॅडम, पसं हा शब्द आजच्या पोरांना कळत नाही. आणि जरा उदास वाटत होती, म्हणून." अहो, कळत नसेल तर खाली एका ओळीत अर्थ द्यायचा! पसा म्हणजे पोकळ केलेल्या तळहातात मावेल तेवढं धान्य. दोन पसं ज्वारीची जेमतेम एक-दीड भाकरी होते. पायली म्हणजे चार शेर. दोन पायल्या दळणारी बाई भरल्या घरातली असते, दोन पसं दळणारी उपाशी असते. एक शब्द बदलला आणि माझ्या उपाशी आजीला तुम्ही पाटलीणबाई करून टाकलंत.

बरं, सूत्रसंचालकांनी सुरुवात कशानं केली? "ओवी म्हणजे स्त्रीमनाचा उमाळा आणि पोवाडा म्हणजे आपला इतिहास." तिथंच उठून जायला हवं होतं, पण बसले.

या ओवीबद्दल थोडं सविस्तर सांगते. आजीचं माहेर माण तालुक्यातलं, सासर वाळव्यात कृष्णाकाठी. १९९४ साली मी कॉलेजात होते, तेव्हा वही घेऊन तिच्यासमोर बसले. तिला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आजी, ओव्या सांग. तिला चार सुद्धा आठवेनात. पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी, एवढं म्हणून गप्प. मला वाटलं विसरली. मग आई म्हणाली, "अगं, अशा कशा येतील? जातं मांड." माळवदावरचं जातं खाली आणलं, पदरात चार मुठी ज्वारी दिली. खुंटा हातात आला, मूठभर दाण्यांची वैरण जात्याच्या तोंडात पडली, आणि त्या सकाळी बासष्ट ओव्या उतरवल्या मी. हात थांबला की ओवीही थांबायची. पहिली ओळ ती दोनदा म्हणायची आणि दुसरी तेवढ्यात तयार व्हायची. ही दुसरी ओळ कुठनं येते हे मला त्या दिवशी दिसलं.

दोन पसं ऐकल्यावर मी शहाणी मध्येच म्हणाले, "आजी, ही दुष्काळातली का गं?" माण म्हटलं की आपल्या डोक्यात दुष्काळच येतो ना. जातं थांबवून ती म्हणाली, "कसला दुष्काळ? कणगी भरल्याली हुती. सासू मोजून द्यायची." वाळवा, बागायत, घरात धान्य, आणि सुनेच्या वाटणीला दोन पसं. सगळ्यांचं दळण आधी झालेलं असायचं, हे दोन पसं तिच्या स्वतःच्या भाकरीचं. मी विचारलं नसतं तर आयुष्यभर ती ओवी दुष्काळाच्या खात्यात मांडून बसले असते. कुणी अभ्यासकानं नुसती छापील ओवी वाचली असती तर त्यानंही तेच केलं असतं.

म्हणून सांगते, ओवीबरोबर बाईचं नाव, गाव, माहेर, सासर, जात, वय आणि ती ओवी कुणाकडून शिकली हे लिहिलं नाही तर ओवी अर्धीच राहते. हे मी शोधून काढलेलं नाही. गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून मावळ-मुळशीतून सुरुवात करून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हजारावर गावांतल्या बायकांच्या. गाणारीचं नाव आणि गाव तिथं ओवीला लावलेलं असतं. आणि आपण सांगलीत बसून 'अनाम' छापतो! अनाम कशी? माझ्या वहीत नाव होतं. मी ते दिलंही होतं.

आता कुणीतरी म्हणेलच की ओव्या ठरावीक साच्याच्या असतात, एकीची ओवी दुसरीच्या तोंडी असते, तारीख नसते, मग पुरावा कसला? खरं आहे, साचा असतो. पण साचा तोच राहून काय बदलतं ते बघा ना. त्याच वर्षी आमच्या गावच्या मांगवाड्यातल्या एका मावशीकडून घेतलेली ही ओवी:

खळ्यावर येचीते मी, मातीतलं दोन पसं
बाळ माझं गं रडतं, घरी जाऊ मी कसं

दोन पसं तेच, कसं तेच. पण आजीचं धान्य सुपात आहे आणि मावशीचं मातीत. रास उचलून झाल्यावर खळ्यावर जे सांडलेलं राहतं ते वेचून, पाखडून घरी न्यायचं. आजीला सासू मोजून देते, मावशीला कुणी मोजूनही देत नाही. आजीचं दुःख आईपर्यंत पोचवायचं आहे, मावशीला घरापर्यंतच पोचता येत नाही, कारण मालकाचं काम संपलेलं नाही. एकाच गावात, एकाच पिढीत, एकाच यमकात जातीची केवढी भिंत उभी आहे. हे मला कुठल्या दप्तरात सापडेल? दप्तरात शेतसारा सापडतो.

आणि त्या पुस्तिकेत दोघींच्याही पायल्या करून टाकल्या असत्या.

पोवाड्यावर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर उद्या फोन येतील. अफजलखानाचा पोवाडा रचणारा अगिनदास पोवाड्यातच स्वतःचं नाव घालतो, जिजाऊंच्या सांगण्यावरून रचला हेही त्यातच येतं. सिंहगडाच्या पोवाड्यात तुळशीदास नाव लावतो. शाळिग्राम आणि ॲक्वर्थसाहेबानं १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला तेव्हा ही नावं शाबूत आली, कारण ती शेवटच्या ओळीतच विणलेली होती. शाहीर दरबारात उभा राहतो, नाव सांगतो, बिदागी घेतो. बाई पहाटे अंधारात एकटी दळते, तिनं नाव कुणाला सांगायचं? ओवीत भावाचं नाव असतं, लेकाचं असतं, विठ्ठलाचं असतं. तिचं स्वतःचं नसतं. म्हणून ते आपण वरून लिहायचं असतं. एवढंच तर काम होतं!

आणि पोवाडा म्हणजे सरळ इतिहास असंही नाही. तुळशीदासाच्या पोवाड्यात घोरपड कडा चढते. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, मावळे वानरासारखे चढले असं आहे. तरी तो पोवाडा मला टाकवत नाही, कारण रायबाचं लग्न, जिजाऊंचा सारीपाट, ऐंशी वर्षांचा शेलारमामा, लोकांना आपला वीर कसा हवा होता ते सगळं त्यात आहे. तिथं आपण घोरपड समजून घेतो, तिला सुधारून मांजर करत नाही. मग ओवीतल्या पशाची पायली का करायची?

लिहिता लिहिता आजीची अजून एक ओवी आठवली. आपल्या भागात पत्रीसरकारचे पोवाडे कुणी ऐकले नाहीत? १९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटील, शेणोलीला लुटलेली गाडी. शाहिरांनी गावोगाव जागवलं, ऐकताना आजही अंगावर काटा येतो. आजी तेव्हा विशीच्या आतबाहेर होती. तिची ओवी अशी:

उसातल्या पाव्हण्याला, भाकर ग्येली राती
सकाळी गं सासूबाई, मडक्याचं पीठ मोजती

उसातलं पाव्हणं म्हणजे भूमिगत. आजोबा रात्री भाकरी पोचवायचे, त्याचा त्यांना अभिमान होता, शेवटपर्यंत सांगायचे. पण पीठ कमी झालं त्याचा हिशोब सकाळी सुनेला द्यावा लागला. घरात कुणाला काय माहीत होतं, कुणाला नव्हतं, गुपित किती आतपर्यंत पाळलं जायचं, हे सगळं त्या मडक्यात आहे. सासूला ठाऊक नव्हतं की ठाऊक असून पीठ मोजत होती, हे मी आजीला विचारायचं राहून गेलं. १९९८ ला ती गेली.

इथवर लिहून मी आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "तुझी आजी मला पण मोजूनच द्यायची की." मला काही सुचेना. मी म्हटलं, मग तू कधी बोलली नाहीस? म्हणाली, "आणि दळताना तीच ओवी म्हणायची. दोन पसं."

म्हणजे सुनेची ओवी सासू झाल्यावरही तोंडात तशीच राहिली, हात मात्र सासूचा झाला. वहीत मी 'वय सुमारे सत्तर' लिहिलंय, पण गाणारी सून म्हणून गातेय की सासू म्हणून, हा रकानाच माझ्याकडे नाही. सासूची बाजू ओवीत जवळजवळ येतच नाही, हा ओवीचा दोष मला मान्य करावा लागेल. आईची आठवण लिहून ठेवली नसती तर माझीही नोंद एकतर्फीच होती.

कार्यक्रम संपल्यावर पुस्तिका तयार करणारी मुलगी माझ्याकडे आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल, डोळे भरलेले. म्हणाली, "ताई, चुकलं. सरांनी गोड करायला सांगितलं आणि मी केलं." मी सगळ्यांसमोर जरा जास्तच बोलले होते. तिला जवळ बसवून वही दाखवली. मग हळूच म्हणाली, तिची पणजी जत तालुक्यात आहे, अजून गाते, पण मोबाईल समोर धरला की लाजते आणि काही आठवत नाही म्हणते.

मी विचारलं, घरात जातं आहे का? म्हणाली, आहे, गोठ्यात पडलंय, दात गेलेत त्याचे, दाणा नुसता फिरतो, पीठ पडत नाही.

रविवारी आम्ही दोघी जातोय. ज्वारी मी घेतली आहे. कवठेमहांकाळ किंवा जतकडं जात्याचे दात पुन्हा पाडायला टाकी लावणारं कुणी अजून असेल तर कमेंटमध्ये नंबर टाका, शनिवारपर्यंत हवा आहे.