एक इअरबड गप्प झाला तर एकट्याला नाही, दोन्हींना एकत्र रिसेट करा

इअरबडबद्दल असा एक मेसेज फिरतो: "इअरबडचा एक कान वाजायचा बंद झाला की समजायचं, आतला स्पीकर गेला. फार तर तेवढाच बड दहा सेकंद दाबून रिसेट करा आणि फोनला वेगळा जोडून बघा. नाही वाजला तर रिपेअर होत नाही, नवी जोडी घ्या."

आधी स्पीकरचं बघू, कारण त्याचा निकाल घरबसल्या लागतो. फोनचं ब्लूटूथ बंद करा, गप्प असलेला बड डबीतून काढा आणि लगेच कानात घाला. चालू होताना बहुतेक बड एक छोटी धून किंवा "पॉवर ऑन" असं काहीतरी ऐकवतात. हा आवाज बडमध्येच साठवलेला असतो, फोनकडून येत नाही. तो स्वच्छ ऐकू आला तर स्पीकरही ठीक आहे आणि बॅटरीतही जीव आहे. बिघाड जोडणीचा आहे. आवाज अगदी बारीक आला तर जाळीत मळ बसला असणार. आपल्याकडे एप्रिल-मेचा घाम आणि काळ्या मातीची धूळ एकत्र झाली की ती जाळी लवकर बुजते. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका. टाचणी घातली तर जाळी आत ढकलली जाते. बडचा दिवा लागतो, पण आवाज काहीच येत नाही, अशा वेळीच स्पीकरवर संशय घ्यायचा.

जाता जाता फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी मधोमध आहे ना, तेही बघून घ्या. ती एका टोकाला सरकली असेल तर कुठलाही इअरफोन एकाच कानात वाजेल.

आता एकट्या बडच्या रिसेटकडे येऊ. मेसेजमधला हा सल्ला खरं नुकसान करतो. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये फोन दोन बडना दोन वेगळी गाणी पाठवत नसतो. तो डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज एकाच उपकरणाला पाठवतो. जोडीतला एक बड त्या वेळी मुख्य असतो. दुसरा त्याच्याकडून आवाज घेतो, किंवा त्याच्याकडून जोडणीची माहिती घेऊन फोनचाच सिग्नल ऐकतो. त्यासाठी दोन्ही बडनी एकमेकांचा पत्ता आपापल्या मेमरीत ठेवलेला असतो. तुम्ही एकालाच रिसेट मारलं की त्याच्याकडचा पत्ता पुसला जातो, पण दुसरा अजून जुनीच जोडी धरून बसतो. मग रिसेट झालेला बड एकटा पडतो आणि फोनला स्वतंत्र उपकरण म्हणून दिसतो. यादीत एकच नाव दोनदा दिसू लागतं, काही मॉडेलांत शेवटी L किंवा R लागतं. एकावर बोट ठेवलं तर डावा वाजतो, दुसऱ्यावर ठेवलं तर उजवा. दोन्ही मात्र एकदम वाजत नाहीत.

ही फाटाफूट रिसेट न करताही होते. लातूरला क्लास करणाऱ्या एखाद्या मुलाचं उदाहरण घ्या. तो दिवसभर उजवाच बड कानात ठेवून लेक्चर ऐकतो, डावा डबीत. डाव्याच्या चार्जिंगच्या ठिपक्यांवर घामाचा थर बसलेला, त्यामुळे डबीत असूनही तो चार्ज होत नाही. आपण डबीत आहोत हेही त्याला कळत नाही, म्हणून तो चालूच राहतो आणि रिकामा होतो. मध्येच खोलीतल्या मित्राच्या फोनला उजवा एकटा जोडून झालेला असतो. दोन दिवसांनी डावा गप्प, आणि फोनच्या यादीत तेच नाव दोनदा. ही जोडी पुन्हा जुळवताना क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

सुरुवात फोनपासून. ब्लूटूथच्या यादीतली त्या बडची दोन्ही नावं "Forget" करा आणि ब्लूटूथ बंद करा. मित्राच्या फोनचं, लॅपटॉपचं, टीव्हीचं ब्लूटूथही बंद हवं. नाहीतर डबीतून निघताच एक बड तिकडे पळतो आणि दुसऱ्याला शोधतच नाही.

मग डबी. बडवरचे ठिपके आणि डबीतल्या पिना कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. थर चिकट असेल तर काडीला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि वाळू द्या. दोन्ही बड आत ठेवून डबी अर्धा तास चार्जरला लावा. दोघांचाही चार्जिंगचा दिवा लागायलाच हवा. ज्यांचं रिसेट डबीच्या बटणावरून होतं, त्यांत तो हुकूम याच पिनांतून बडपर्यंत जातो. पिन टेकली नाही तर एकच बड रिसेट होतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्या जागी.

आता रिसेट. डबीला बटण असेल तर दोन्ही बड आत, झाकण उघडं, आणि बटण दाबून धरा. बटण नसेल तर दोन्ही बडचे टच एकाच वेळी दाबायचे असतात. बड आत असताना की बाहेर काढून, आणि किती सेकंद, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. ते मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने करू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तीन-चार सेकंदांत बोट उचललं तर अनेक मॉडेलांत बड नुसता बंद होतो किंवा पेअरिंगला जातो. मेमरी पुसायला साधारण दहा ते पंधरा सेकंद लागतात आणि दिव्याचा रंग किंवा लुकलुक बदलते. तो बदल दिसेपर्यंत बोट उचलायचं नाही.

झाकण लावून दहा सेकंद थांबा. मग दोन्ही बड एकदम बाहेर काढा आणि एकमेकांजवळ ठेवा. फोनला अजून हात लावू नका. आधी दोघांचेही दिवे भराभर लुकलुकतात. पंधरा-वीस सेकंदांत एकाचा दिवा विझतो किंवा संथ होतो आणि दुसऱ्याचाच लुकलुकत राहतो. याचा अर्थ त्यांनी एकमेकांना ओळखलं. दोघंही तसेच लुकलुकत राहिले तर फोन जोडू नका, डबीत ठेवून रिसेट पुन्हा करा. जुळल्यावरच फोनचं ब्लूटूथ चालू करा. यादीत आता एकच नाव दिसायला हवं, तेच निवडा. दोन नावं दिसली तर मागे फिरा. दुसरं नावही स्वीकारा असं मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल, तेवढाच अपवाद.

राहिला फेकून देण्याचा सल्ला. सगळं नीट करूनही डावा वाजला नाही, तर बिघाड कुठे आहे हे लक्षणांवरून कळतं. डबीत दिवाच लागत नसेल तर पिना किंवा बॅटरी. जोडी जुळते, पण तोच बड वीस मिनिटांत बंद पडतो, तर त्याची बॅटरी थकली. भर उन्हात गाडीच्या डिकीत राहणाऱ्या डबीचं असं लवकर होतं. वॉरंटी असेल तर बड उघडू नका, बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटी संपली असेल तर एकटा बड मिळतो का ते विचारा, काही कंपन्या देतात. छत्रपती संभाजीनगरला पैठण गेटच्या दुकानांत दुसऱ्या जोडीतला सुटा बड मिळाला तरी मॉडेल तेच आहे का, बाजू तीच आहे का, ते तपासा. नुसता आकार जुळून भागत नाही, वेगळ्या मॉडेलचा बड सहसा जुळतच नाही. आणि पैसे देण्याआधी तिथेच दुकानात दोन्ही एकत्र रिसेट करून, दोन्ही कानांत एकदम गाणं वाजवून बघा.